काचेतले स्थिर पाणी

वाचकहो, पुढे जे निवेदन होणार आहे ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे आहे. लाज झाकण्यासाठी मी त्यातले एक अक्षरही गाळलेले नाही.

मी बावीस वर्षे बॉयलर चालवला. शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे वाफेने शिकवले. नोकरी सुटल्यावर कारखान्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला, परंतु दाराशी कुत्रेही फिरकेना. तेव्हा मुलीने मोबाइलवर, जिथे चार ओळींतच बोलायचे असते अशा एका ठिकाणी, माझे खाते उघडले.

"बाबा, जाहिरात करायची नाही," ती म्हणाली. "रोज एक उपयोगाची गोष्ट लिहायची. कुणी विचारलं तर नीट उत्तर द्यायचं. गिऱ्हाईक आपोआप येईल."

दीड वर्ष मी हे व्रत पाळले. उत्तर देण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारीत असे: "काच उडवून पाहिली का?" बॉयलरच्या अंगावर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. तिची खालची वाट गाळाने बुजली, तर आतले पाणी संपले तरी काच भरलेलीच दिसते. म्हणून तिचा कॉक, म्हणजे तळाची तोटी, उघडून ती रिकामी करावी, आणि पाणी झटकन परत चढते का ते पाहावे. माझ्या या प्रश्नामुळे लोक मला काचवाले काका म्हणू लागले. दोन कारखान्यांनी कामही दिले.

एका मंगळवारी दुपारी 'घामट' नावाच्या खात्यावरून प्रश्न आला. सोबत आठ सेकंदांचा व्हिडिओ होता. "काका, काच अर्धी भरलीय, तरी पाणी कमी असल्याचा अलार्म वाजतोय. मालक डोक्यावर बसलाय. काय करू?"

त्याखाली एका मोठ्या कागद कारखान्याच्या व्यवस्थापकांनी लिहिले: "काकांचं मत वाचायला आवडेल."

"बाबा, हेच ते! महिनाभर तुमचं वाचतायत," मुलगी उडालीच. "लवकर लिहा. दुसरा कुणी बोलला की संधी गेली."

"अगं, आधी त्याला विचारतो तरी..."

"विचारता काय! तज्ज्ञासारखं ठाम लिहा."

मी ठाम लिहिले. "काचेत पाणी आहे ना? मग अलार्मच्या, पाणी ओळखणाऱ्या कांडीवर क्षार बसलाय. अलार्म बंद करा, कांडी संध्याकाळी साफ करा."

वाहवाचा पाऊस पडला. व्यवस्थापकांनी खासगीत कळवले, "उद्या भेटू." मी चहा मागवला. चहा घेऊन आलेली बायको माझ्या खांद्यावरून व्हिडिओ पाहू लागली.

"अहो, हे पाणी चित्रासारखं का थांबलंय?"

मी कप खाली ठेवून व्हिडिओ पुन्हा लावला. चालत्या बॉयलरच्या काचेतले पाणी सतत थरथरते. हे निश्चल होते. म्हणजे काच खोटे बोलत होती आणि अलार्म खरे.

मी तातडीने लिहिले: "आग बंद करा. पाणी मुळीच सोडू नका. तापलेल्या नळ्यांवर पाणी पडलं तर बॉयलर फुटेल. सगळ्यांना घेऊन लांब जा." आणि शरमेने आधीचे उत्तर पुसून टाकले.

"काढलंत कशाला!" मुलगी ओरडली. "त्याच्याखालीच चूक कबूल करायची होती. म्हणजे जो ते उत्तर वाचेल त्याला कबुलीही दिसली असती. आता लोकांनी मोबाइलवर काढून ठेवलेला त्याचा नुसता फोटो उरलाय."

चाळीस मिनिटे काहीच आले नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिघांपैकी कुणीही पाहिले नाही. नंतर घामटच्या दोन ओळी उमटल्या.

"आग बंद केली. आत डोकावलो तर नळ्या लालबुंद. पाणी भरायला पंपाला हात घातलाच होता, काका."

मी व्यवस्थापकांना फोन करून सर्व कबूल केले.

"अहो, भलतंच काय!" ते हसले. "तुमचं उत्तर आवडलं म्हणून छापून बॉयलरच्या खोलीत लावलंय मी."

"साहेब, आत्ताच्या आत्ता फाडा."

त्यांचे हसू थांबले. फोन कानाशी धरूनच ते बॉयलरच्या खोलीत गेले. कागद फाडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला, तेव्हाच फोन ठेवला. भेट अर्थातच झाली नाही.

तो फोटो मात्र हातोहात फिरतो आहे. त्याच रात्री मी खात्यावर चूक कबूल केली; ती कबुली अडतीस जणांनी वाचली. फोटो किती जणांपाशी आहे ते मोजता येत नाही. काल एका अनोळखी खात्यावरून निरोप आला: "काका, तुमचा सल्ला लागू पडला. अलार्म दोन दिवस गप्प आहे."

मी लगेच विचारले, "काच उडवून पाहिली का? तुम्ही कुठे आहात?"

उत्तर आलेले नाही. खात्यावर नाव नाही, गाव नाही. म्हणून हे येथे लिहिले. तो फोटो आपणापाशी असेल, तर ज्याला दिला त्याला आधी हे वाचायला द्या.

इथवर वाचलेत, याबद्दल हात जोडून आभार.

आपला,
काचवाले काका