आपापली लेकरं मोजा

जत्रेच्या स्वयंसेवकांसाठीचं माझं सूचनांचं पत्रक साडेचार पानांचं होतं. पल्लवीने त्याचं गळ्यात अडकवायचं कार्ड केलं. पाठपोट मिळून चौदा ओळी. सत्तावीस वर्षांची माझी मेहनत त्या पोरीने बसच्या तिकिटाएवढी करून टाकली आणि वर मलाच विचारते, "कसं वाटलं काका?"

मी म्हटलं, "छान." रागावलेला माणूस 'छान' कसं म्हणतो, ते तिला कळायला अजून दहा वर्षं लागतील.

पल्लवी मानोऱ्याच्या कॉलेजात शिकवते. यंदा जत्रेचे स्वयंसेवक म्हणजे तिचे चाळीस विद्यार्थी. मी देवमन, निवृत्त आरोग्यसेवक. लोक डॉक्टर म्हणतात, मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. आमची ही जत्रा एका दिवसाची, तांड्यापलीकडच्या माळावरची. पोहरादेवीची मोठी यात्रा भरायच्या आठेक दिवस आधी येते. ऊसतोडीला गेलेले तांडे तेव्हा नुकते परतलेले असतात. सहा महिने परमुलखात काढलेली माणसं घरचं कुलूप उघडतात, अंगण झाडतात आणि आधी इथे नवस फेडायला येतात. नोकरीत होतो तोवर मी ड्यूटी म्हणून आलो, नंतर सवय म्हणून येत राहिलो.

"काका, पोरं उन्हात उभ्यानं वाचतीन हे," पल्लवी समजावत होती. "एका हातात रांगेची दोरी, दुसऱ्या हातात कोनाची तरी म्हातारी. साडेचार पानं कोन वाचून राह्यलं तिथं?"

तिचं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. कार्डात खोट काढावी म्हणून मी चष्मा पुसून पुसून वाचलं. लिहिलं होतं:

'रांगेत रेटारेटी झाली तर पुढच्यांना ओढू नका, मागून येणं थांबवा. बाहेर पडायची वाट कधीच अडवू नका. "पळा" असं ओरडू नका.

ऊन लागलं तर सावली, ओलं फडकं, वारा. माणूस शुद्धीत असेल तरच ओआरएसचं पाणी, घोट घोट. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. फिट आली तर दाबून धरू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका.

मूल सापडलं तर एकट्याने नेऊ नका, दोघे जा. मदत कक्षात बसवा, पोलिसांना कळवा. माइकवर मुलाचं नाव, कपडे सांगू नका. गाव सांगून पालकांना बोलवा. ओळख पटल्याशिवाय मूल कोणाच्या हाती देऊ नका.'

नावं ठेवायला जागा नव्हती. नाव-कपडे माइकवर सांगायची चूक तर आम्ही पूर्वी सर्रास करायचो. 'लाल फ्रॉक, नाव अमुक' असं चार हजार लोकांना ऐकवायचं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणंच. पोरगी हुशार होती. पण माझ्या पत्रकातली एकतिसावी सूचना तिने कापली होती, आणि ती सूचना माझी नव्हती. ती गंगूची होती.

गंगू माझी बायको. अंगणवाडीत होती. जत्रेच्या दिवशी हरवलेल्या लेकरांचा मांडव तिच्याकडे. पदरात शेंगा घेऊन बसायची आणि रडणाऱ्या लेकराला नाव-गाव काही न विचारता शेंगा फोडायला लावायची. एका वर्षी एक पोरगं तीन तास एकाच गावाचं नाव सांगत होतं. आम्ही माइकवरून घसा कोरडा केला, कोणी येईना. शेवटी गंगू म्हणाली, "गावाचं राहू द्या हो. बापू, तू कायच्यात बसून आला?" पोरगं म्हणालं, "निळ्या टेम्पोत. टेम्पोत शेळी होती." दहा मिनिटांत टेम्पोवाला सापडला, टेम्पोवाल्यामागून आई सापडली. ते पोरगं सांगत होतं ते गाव उसाच्या फडाचं होतं. लेकरू सहा महिने जिथे झोपलं, तेच त्याला आपलं गाव वाटणार. आईबापाला मात्र ती हाक आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. त्या रात्री गंगूने मला लिहायला लावलं: 'गाव विचारू नका. कोणत्या गाडीतून आलं, गाडीत कोण होतं, ते विचारा.'

दिवेलागणीला जत्रा फुटायची, तेव्हा माइक तिच्याकडे असायचा. "आपापली लेकरं मोजा, मंग गाडी काढा!" मग एकेक ट्रॅक्टरवाला जाताना आकडा ओरडून सांगायचा. आम्हाला मूलबाळ झालं नाही. पण त्या एका संध्याकाळी अख्ख्या माळाची पोरं माझ्या बायकोला मोजून दाखवली जायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी विसरू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मी माइकला हात लावला नव्हता.

ही सगळी कथा पल्लवीला दोन वाक्यांत सांगता आली असती. मी सांगितली नाही. रुसलो होतो. म्हटलं, करू दे चौदा ओळींत जत्रा.

साडेअकराला दोन स्वयंसेविका एका पाचेक वर्षांच्या मुलीला घेऊन मदत कक्षात आल्या. मी शेजारच्याच प्रथमोपचाराच्या मांडवात होतो, मध्ये फक्त कनात. ऊन लागलेल्या एका म्हाताऱ्याच्या मानेवर ओलं फडकं ठेवत होतो. पल्लवीने सगळं कार्डाप्रमाणे केलं. हवालदाराला सांगितलं, वहीत वेळ आणि जागा लिहिली, मुलीला पाणी दिलं. आईचं नाव विचारलं तर मुलगी म्हणाली, "याडी." बंजारा लेकरू आईला याडीच म्हणणार. गाव विचारलं तर मात्र तिने ठणठणीत सांगितलं, "कोरेवाडी."

माइक गरजला. "कोरेवाडीहून आलेल्या पालकांनी मदत कक्षात यावं."

आमच्या तालुक्यात कोरेवाडी नाही. मला पहिल्या हाकेलाच कळलं होतं. कनातीपलीकडे जायला चार पावलं पुरली असती. मी म्हाताऱ्याला पाण्याचा घोट दिला आणि बसून राहिलो. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. पोर रडत होती. पल्लवी कोणाला तरी विचारत होती, "कोरेवाडी कुठं येते, कारंज्याकडं का?" आणि खोटं कशाला सांगू, मला मनातून बरं वाटत होतं. आता येईल विचारायला, म्हटलं.

असा पाऊण तास गेला. मग पोरीचं रडणं थांबलं.

गंगू म्हणायची, रडते त्या लेकराची काळजी नाही, त्याला अजून आशा असते. गप्प झालं की मात्र हातचं काम टाकून उठायचं. मी उठलो. म्हाताऱ्याजवळ एका पोराला बसवलं आणि कनात बाजूला केली. मुलगी खुर्चीच्या कडेला बसली होती, नजर पायांकडे. चप्पल एकाच पायात होती.

मी खाली बसलो. खिशात शेंगा असतातच. गंगू गेल्यावर ती सवय मला लागली आहे. एक फोडून दिली, एक तिच्या हातात फोडायला ठेवली. "कायच्यात बसून आली व माय?"

तिने शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. मग हळूच, "टॅक्टर."

"कोनाचं?"

"खेमाकाकाचं."

"अन् कोन कोन होतं त्याच्यात?"

"नानी. बापू. कोंबडा."

मी पल्लवीकडे पाहिलं. ती कार्डाकडे पाहत होती. मी सांगितलं, ती माइकवर बोलली. "खेमा यांच्या ट्रॅक्टरमधून आलेल्या सर्वांनी आपापली लेकरं मोजावी. एक जरी कमी असलं तरी मदत कक्षात यावं."

पाच मिनिटं झाली नसतील. बायकांच्या रांगेतून एक म्हातारी धावत आली, फेटियाचा घेरदार घागरा सावरत, हातातल्या बांगड्या वाजवत. तिच्यामागून पुरुषांच्या रांगेतून एक तरुण. म्हातारी नानीबाई, नावावरूनच नातीची 'नानी'; तरुण तिचा मुलगा वीरेंद्र, पोरीचा बाप. रांगा वेगळ्या लागल्या तेव्हा त्याला वाटलं पोर आजीजवळ आहे, आजीला वाटलं बापाजवळ. दोघंही निवांत. कोरेवाडीची हाक दोघांनी तीनदा ऐकली होती. "मनलं, कोना परमुलखातल्याचं लेकरू हाये बिचारं," नानीबाई म्हणाली आणि खालीच बसली. नातीने दोन्ही हातांनी तिची मान आवळली.

तरीही पल्लवीने अंगावरची खूण विचारली, बापाचं आधार कार्ड पाहिलं, हवालदारासमोर सही घेतली, मगच मुलगी दिली. तिचं नाव निता. कोरेवाडी म्हणजे तिच्या घरचे ऊस तोडायला गेले होते त्या फडाचं गाव.

सगळे गेल्यावर पल्लवी म्हणाली, "काका, हे तुमच्या पानांत होतं. एकतीस नंबर. मले वाटलं, गावच बरं, सोपं."

"हो."

"मंग मी कापलं तवा बोलले काहून नाही?"

बोलायला बरंच काही होतं. वय, मान, सत्तावीस वर्षं. पण शेंगेची टरफलं त्या खुर्चीखाली पडली होती आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना. "रुसलो होतो," मी म्हटलं. "ते वाक्य माझ्या बायकोचं हाये. ते कापलं त मले वाटलं तिलेच कापलं. अन् त्या रागात मी तुह्या नाही, या लेकराच्या जिवावर उठलो. पाऊन तास. पहिल्याच हाकेले समजलं होतं मले."

ती रागावेल असं वाटलं. रागावलीच. "हे चांगलं नाही केलं तुमी," एवढं म्हणाली आणि पाठ फिरवून बाहेर गेली. मला ते बरं वाटलं. गंगूही असंच म्हणाली असती आणि दिवसभर बोलली नसती.

पण चार वाजता पाहतो तर ती रांगेच्या कडेने एकेका स्वयंसेवकाला थांबवत होती. गळ्यातलं कार्ड उलटं करून मार्करने पंधरावी ओळ लिहीत होती. चाळीसच्या चाळीस कार्डांवर, स्वतःच्या हाताने.

दिवेलागणीला ट्रॅक्टर सुरू होऊ लागले तेव्हा तिने माइक माझ्यासमोर धरला. "तुमच्या बाई शेवटी काय म्हनायच्या, ते तांड्यातल्या बायांनी सांगतलं मले. घ्या."

दोन वर्षं मला वाटत होतं, ते शब्द तिच्याच आवाजात शोभतात. माझा आवाज फाटका. कसंबसं म्हटलं, "आपापली लेकरं मोजा... मंग गाडी काढा."

मग म्हाताऱ्या ड्रायव्हरांना आठवलं. "सात!" एकीकडून आलं. "बारा, डॉक्टर!" दुसरीकडून. पल्लवी वही काढून लिहू लागली.

शेवटी खेमाचा ट्रॅक्टर आला. निता ट्रॉलीत नानीबाईच्या मांडीवर, कोंबड्याची टोपली पायाशी. खेमाने गाडी थांबवली, मागे वळून बोटाने एकेक डोकं मोजलं, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, मांडवात गंगू बसायची त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत ओरडला, "नऊ, गंगूबाई! पुरे नऊ!"