केबल काढल्यावर

चाचणी १. वेळ संपते. उत्तर येत नाही. निरोप जातो.
निकाल: हिरवा.

ही चाचणी मी लिहिली तेव्हा ताईच्या खांद्याचं हाड मोडून अकरा दिवस झाले होते. बाथरूममध्ये घसरले, असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. भावजींनी तिला स्कूटरवरून घरी नेलं, खड्डे चुकवत, फार जपून.

"मारायच्या आधी तो फोनच लांब फेकतो," ताई मला म्हणाली. "तुझं ते बटण मी दाबू कधी?"

म्हणून मी माझं मदत मागायचं ॲप उलटं केलं. संकटात बटण दाबायचंच नाही. जिन्यात त्याचे बूट वाजले की घड्याळ सुरू करायचं. अर्ध्या तासात 'मी ठीक आहे' दाबलं नाही, तर तीन माणसांना निरोप: पत्ता, वेळ, लगेच या.

बायकांच्या निवाऱ्याच्या मॅडमना कल्पना इतकी आवडली की त्यांनी तारीखच देऊन टाकली. सोमवार. चाळीस बायकांच्या फोनमध्ये.

*

टायरच्या दुकानावरची आमची खोली. खाली दिवसभर हातोडा चालतो, वर आम्ही दोघं. मी कोड लिहितो, काडी तो मोडते. तिचं खरं नाव वेगळं आहे. चालत्या गाडीत काडी घालते म्हणून हे पडलं. तिला ते आवडतं.

तिने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने आखले. कोडच्या चाचण्या. फोन. माणसं.

"कोडच्या दोनशे बारा," मी म्हणालो. "सगळ्या हिरव्या."

"त्या तुझ्या खोट्या घड्याळावर. तू म्हणालास अर्धा तास झाला की झाला. हिशेब बरोबर आहे एवढंच त्यातून कळतं. फोन?"

"सात."

टेबलावर सात फोन ओळीने पडलेले, प्रत्येकाला केबल, सलाईन लावलेल्या पेशंटसारखे. नवी आवृत्ती चढवायला केबल लागते, आत काय चाललंय ते बघायला लागते. त्यातले तीन जुने, स्वस्तातले, काडीने हट्टाने आणलेले.

"हे सुटे कधी चालवलेस?"

"सुटे म्हणजे?"

"केबल काढून. कोणाच्या तरी घरात फळीवर पडलाय, कोणी हात लावत नाही, तसे."

"करू."

तिने फळ्यावर लिहिलं: सुटे? मी त्याच्यावरच मोठ्या अक्षरांत 'सोमवार' लिहिलं. जागा नव्हती.

"आणि माणसं?"

"अकरा. चुलतभाऊ, कॉलेजचे मित्र, मामेबहीण. सगळ्यांचा रिपोर्ट चांगला आहे."

"सोफ्यावर बसून फोनकडे टक लावून बघतात, मग चांगलाच येणार. यांना कोणी मारत नाही रे." ती खुर्ची ओढून समोर बसली. "आणि एक ऐक. ज्याला खरंच गरज आहे त्याला कच्चं ॲप द्यायचं असेल, तर त्याचा आधीचा दोर सोडायला लावायचा नाही. हे बसेपर्यंत जुनं चालू ठेवा, असं तोंडाने सांगायचं. कळलं?"

"कळलं गं."

बाराव्या माणसाबद्दल मी तिला काही बोललो नाही.

*

चाचणी १२. वापरणारी: ताई.

ताईचा जुना दोर म्हणजे शेजारच्या नर्सबाई. भिंतीवर लाटणं तीनदा आपटायचं; त्या खुणेशिवाय यायचं नाही, असं ताईनेच सांगितलेलं. मग त्या दार वाजवायच्या, साखर द्या, सुई द्या, काहीही द्या म्हणत. भावजी शेजाऱ्यांसमोर हात उचलत नसे. हे दोन वर्षं चाललं होतं.

मी तिच्या फोनमध्ये ॲप टाकलं आणि म्हणालो, "आता लाटणं बिटणं बंद. त्यांनाही कशाला रोजचा त्रास? तिघांत त्यांचा नंबर टाकलाय. हेच बोलावेल."

"नक्की?"

"दोनशे बारा चाचण्या, ताई."

ती हसली. पुढचा दात तेव्हा होता.

*

शनिवार. दुपार.

एक वाजून दहा: बूट. ताई घड्याळ सुरू करते, स्क्रीन बंद करते, फोन शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर ठेवते.

एक पंधरा: जेवण गार आहे. ताट भिंतीवर.

एक वीस: केस धरून स्वयंपाकघरातून बाहेर. ती लाटण्याकडे बघते. हाताशी आहे. ती ते उचलत नाही. उगीच त्याला आणखी चिडवायचं नाही. अजून वीस मिनिटं सोसायची, मग माणसं येतील.

(हे तिने मला नंतर सांगितलं. 'वीस मिनिटं' हे शब्द तिने दोनदा म्हटले.)

एक चाळीस: अर्धा तास पूर्ण. फळीवर काहीच होत नाही.

एक पन्नास: ती दाराकडे पळते. तो दार लावतो. तिचा उजवा हात चौकटीत असतो. तो दार लावतच राहतो.

दोन ते तीन: हे मी लिहिणार नाही. मला माहीत आहे.

तीन वीस: तो दमतो. पाणी पितो. कोणाला फोन करत होतीस म्हणून फळीवरचा फोन उचलतो, तिचं डावं बोट धरून उघडतो. स्क्रीन पेटते. स्क्रीन पेटल्यावर ॲप जागं होतं. जागं झाल्यावर त्याला कळतं की वेळ कधीच टळून गेली, आणि ते इमानदारीने निरोप पाठवतं. मग पडद्यावर मी लिहिलेली ओळ येते. तिला धीर वाटावा म्हणून लिहिलेली, हिरव्या पट्टीत, मोठ्या अक्षरांत:

तुमच्या तीन माणसांना कळवलं आहे.

भावजी ती वाचतो.

निकाल:

*

दात फोननेच पडला. फोन मग फरशीवर, मग बुटाखाली.

नर्सबाई दोन मिनिटांत पोचल्या, कारण भिंत एकच. त्या दारावर धडका देत होत्या, तोवर निरोप बघून मीही जिने चढत होतो. दार उघडलं. भावजी शर्टाच्या बाह्या खाली करत होता. "अरे ये ये, घसरली ती—" एवढं तो म्हणाला. मी त्याच्या तोंडावर मारलं. मला मारता येत नाही. माझाच अंगठा निखळला. त्याने मला शिवणयंत्रावर फेकलं, गळा धरला, आणि मी त्याचा कान दातांत धरून सोडलाच नाही. तोंडात रक्ताची चव, त्याची की माझी ठाऊक नाही. नर्सबाईंनी कुकरचं झाकण त्याच्या मानेवर घातलं. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा तो बसला, आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही.

ताई कोपऱ्यात होती. उजव्या हाताची बोटं बोटांसारखी दिसत नव्हती.

"अर्धा तास म्हणाला होतास," ती म्हणाली. ओरडली नाही. वेळ विचारावी तशी म्हणाली.

*

रविवारी काडीने टेबलावरच्या साती केबल एका झटक्यात उपटल्या. एक फोन खाली पडला. पडू दिला.

"बारावी तुझी बहीण होती."

"हो."

"आणि लाटणं बंद कर म्हणालास."

"हो."

तिने स्टेपलर फेकून मारला. माझ्या भुवईवर लागला. मी पुसलं नाही. तिने साती फोनवर घड्याळ लावलं, स्क्रीन बंद करून ते फळीवर ठेवले आणि आम्ही हात न लावता बसून राहिलो.

अर्ध्या तासाने तीन फोनांनी निरोप पाठवला. चार गप्प. तिन्ही जुने त्या चारांत.

कारण साधं होतं. केबल लावलेली असेल तर फोन समजतो, वीज मिळतेय, जागं राहायला हरकत नाही. केबल नसेल, स्क्रीन बंद असेल, कोणी हलवत नसेल, तर बॅटरी वाचवायला तो मागची कामं झोपवतो. ताईच्या फोनसारखे स्वस्त फोन तर दहा मिनिटांतच. आमचे सात फोन तीन महिन्यांत एकदाही झोपले नव्हते.

"झोपेतही वाजेल असा गजर लावता येतो," मी म्हणालो. "परवानगी घ्यावी लागते. उद्यापर्यंत करतो."

"आणि फोनच फोडला तर?"

मी भुवईवरचं रक्त पुसलं.

"तुझं घड्याळ त्याच्या बुटाखाली आहे, बाळा. ते तिथून काढ."

सोमवारी मॅडमना नाही म्हणालो. "चाळीस बायका वाट बघतायत," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. मी त्यांना ताईचा एक्स-रे पाठवला. मग त्यांचा फोन आला नाही.

*

घड्याळ आमच्या सर्व्हरवर नेलं. फोनने फक्त सांगायचं: सुरू. सर्व्हरने ते घेतलं की फोन दोनदा थरथरतो. थरथरला नाही, तर घड्याळ लागलेलंच नाही, आणि हे बाईला तेव्हाच कळलं पाहिजे, नंतर नाही. 'मी ठीक आहे' आलं नाही, तर सर्व्हर निरोप पाठवतो. फोन जिवंत असो, नसो. ती हिरवी पट्टी मी काढून टाकली.

ताई काडीकडे राहायला गेली होती. उजव्या हाताला प्लॅस्टर, ओठाला टाके. गुरुवारी ती जिना चढून खोलीत आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि डाव्या हाताने लिहायला लागली. अक्षर वाकडंतिकडं. काडी बाजूला सरकली.

फोन बुटाखाली.
फोन पाण्याच्या बादलीत.
रेंज नाही.
त्याने माझं बोट धरून 'मी ठीक आहे' दाबलं.

"हे शेवटचं," मी म्हणालो, "कसं..."

"ठीक आहे म्हणायला दोन आकडे ठेव," ती म्हणाली. "बोट नाही. एक खरा. दुसरा त्याच्यासमोर टाकायचा. पडद्यावर दोन्हींनंतर सारखंच दिसेल, पण दुसरा टाकला की निरोप जायचा."

काडी माझ्याकडे बघून म्हणाली, "आख्ख्या खोलीत एकच टेस्टर होती, आणि तिला तू यादीत लपवलंस."

"तो उद्या जामिनावर सुटतोय," ताई म्हणाली. "मॅडमकडच्याही कोणाकोणाचे नवरे सुटत असतील. हातोडा कुठाय?"

खालून आणला. टायरवाला विचारत होता कशाला. काडी म्हणाली, घड्याळ दुरुस्त करायचंय.

ताईने पहिल्या फोनवर घड्याळ सुरू केलं. तो दोनदा थरथरला. तिने तो फरशीवर ठेवला, पदर खोचला आणि डाव्या हाताने हातोडा घातला. पहिला घाव काचेवर. दुसरा. तिसरा. तुकडे माझ्या पायाशी उडाले. फोन मेला होता तरी ती घालत राहिली. आम्ही अडवलं नाही.

मग अर्धा तास. खाली टायरवाल्याचे घावावर घाव चालले होते. ताईची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. विसाव्या मिनिटाला तिचा श्वास अडकला, मला ऐकू आलं.

तिसाव्या मिनिटाला माझा फोन वाजला. मग काडीचा. मग काडीने लावून ठेवलेल्या कॉलवर, स्पीकरवर, नर्सबाईंचा आवाज: "आला गं बाई, आला! कुठे यायचं?"

काडीने मार्कर उघडला. "लिहू हिरवं?"

"थांब," ताई म्हणाली. "एकदा सगळंच चालतं."

तिने पुढचा फोन ओढला आणि केबल दातांनी उपटली.