तिसरी शिफारस

धाकट्या बहिणीला या शाळेत मी आणलं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला साळसूद समजणार नाही. तिला नोकरी नव्हती. मी मुख्याध्यापिकांच्या पाठीस लागले, जागा निघाली आणि ती तिसरीच्या वर्गावर आली. तीन वर्षांत असं झालं की पालक फाटकापाशी मला विचारायचे, "तिसरीच्या बाई आल्यात का हो?" मी चौदा वर्षं त्याच फाटकातून आत जात होते. माझ्याबद्दल कुणी कधी असं विचारलं नव्हतं.

माझं काम म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली. ज्या मुलांना दिसायला, ऐकायला, चालायला, वाचायला जड जातं, त्यांना वर्गातून बोलवून घ्यायचं, तासभर शिकवायचं आणि परत पाठवायचं. खोलीतली चित्रं मी काढलेली, मण्यांच्या पाट्या मी ओवलेल्या. दारावर पाटी होती आणि तिच्यावर माझं पद होतं. घरात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. आईच्या तोंडी सदा धाकटीच. "तिचा हात लागला की मुलं बोलायला लागतात." मग माझ्या हाताला काय काटे होते?

त्या वर्षी शाळेची तपासणी ठरली. सगळ्या मुलांना ही शाळा खरोखर वापरता येते का, ते पाहायचं. तपासणीसूचीचे तीन भाग होते: इमारत, वर्गखोल्या आणि शिकवणं. प्रत्येक मुद्द्याला दोन, एक किंवा शून्य गुण. शेजारी पुराव्याचा रकाना: माप, मोजलेला वेळ, डोळ्यांनी पाहिलेलं किंवा मुलाने स्वतः सांगितलेलं. शेवटी शिफारशी, त्याही क्रमाने. आधी जे मुलाला इजा करतं किंवा बाहेर ठेवतं ते, मग ज्याने जास्त मुलं अडतात ते, मग बाकीचं. शाळा समितीने सांगून टाकलं होतं की पहिल्या तीन शिफारशी या सुट्टीत पुऱ्या करू, उरलेल्या पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष आमच्या शाळेत कधी उगवत नाही.

त्या तिनात मला माझी खोली हवी होती. वाचनालयाशेजारचा मोठा हॉल रिकामा होता. तिथे माझी नवी खोली झाली पाहिजे, हे मी मनाशी धरलं होतं. आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कानावर आलं की धाकटीने लेखी सुचवलंय, मुलांना वर्गाबाहेर नेऊ नये, मोठ्या बाईंनीच वर्गात येऊन बसावं. शाळेत ती मला मोठ्या बाई म्हणायची. घरी ताई. पाठीत सुरी खुपसायला दोन्ही नावं चालतात.

तपासणीला आम्ही तिघं. बाहेरून आलेल्या ऑडिटरबाई, काठी टेकत चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. पालकांतर्फे एक शिंपीदादा, ज्यांची मुलगी तिसरीत होती. चाकाच्या खुर्चीवर जागच्या जागी गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आणि शाळेतर्फे मी.

पहिला दिवस इमारतीचा. शिंपीदादांनी गळ्यातली टेप काढली. दारापुढचा उतार मी दहा वर्षांपूर्वी भांडून बांधून घेतला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवायचे. उंची भरली पंचेचाळीस सेंटीमीटर, लांबी तीन मीटर.

"एक भाग चढायला बारा भाग लांबी लागते," ऑडिटरबाई म्हणाल्या. "म्हणजे पाच मीटर चाळीस. ही तर घसरगुंडी आहे."

शिंपीदादा म्हणाले की म्हणूनच ते रोज पोरीची खुर्ची उलटी धरून उतरवतात, त्यांना वाटायचं अशीच पद्धत असेल. मी पुराव्याच्या रकान्यात आकडे लिहिले. अक्षर जरा बारीकच आलं.

मग चाकाच्या खुर्चीसाठीचं स्वच्छतागृह. त्याला कुलूप, किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई बँकेत. उघडलं तेव्हा आत झाडू, बादल्या आणि मोडकी खुर्ची. दाराची मोकळी रुंदी बासष्ट, हवी नव्वद. वर दार आत उघडणारं, म्हणजे खुर्ची आत गेली की दार लागत नाही. ऑडिटरबाईंनी झाडू-बादल्या तिथल्या तिथे बाहेर काढायला लावल्या. जे आजच करता येतं त्याला क्रमांक देऊन टांगून ठेवायचं नसतं, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग पाहायचे होते. पद्धत अशी की दोघांनी मागे बसायचं, एकमेकांशी न बोलता गुण लिहायचे, मग कागद जुळवायचे. तिसरीच्या वर्गात माझी आणि शिंपीदादांची जोडी लागली. कागदावर वरतीच एक ओळ होती: शिक्षकाशी तुमचं नातं. मी लिहिलं, सहकारी. खोटं नव्हतं. लग्नानंतर आमची आडनावं वेगळी झालीत आणि ती आईवर गेलीय, मी कुणावरच नाही. बाहेरून आलेल्या बाईंना कळायचं कारण नव्हतं. मुख्याध्यापिकांना ठाऊक होतं, पण त्यांना माझ्यावर फार भरवसा.

मी चुका शोधायला बसले होते. धाकटी मुलांकडे तोंड करून बोलत होती, फळ्याकडे पाहून नाही. फळ्यावर जे लिहायची ते मोठ्याने वाचायची, म्हणजे ज्याला नीट दिसत नाही तोही मागे पडू नये. बाकांमधली वाट रुंद. भिंगरीची खुर्ची दाराशी नाही, मधल्या रांगेत. गोष्ट सांगून झाली, मग ज्याला हवं त्याने बोलून सांगायचं, ज्याला हवं त्याने चित्र काढून. आणि प्रश्न विचारला की ती गप्प राहायची.

ते गप्प राहणं पाहून माझं डोकं फिरलं. ते माझं होतं. ती नवी होती तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात, भांडी विसळताना, मी तिला सांगितलं होतं: प्रश्न विचारलास की मनात पाच मोज, तोंड उघडू नकोस, सावकाश विचार करणारं पोर चौथ्या आकड्यावर हात वर करतं. माझं बी, आणि कौतुकाचं पीक तिच्या अंगणात. मुलांचे हात वर होत होते, एक, दोन, सहा. मी लिहिलं: उत्तरासाठी वेळ देणे, शून्य. पुरावा: दिसले नाही. सूचना एकाहून जास्त प्रकारे देणे, एक. बसण्याची व्यवस्था, एक. पेन्सिल इतकी दाबली की टोक तुटलं.

दुपारी ऑडिटरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. शिंपीदादांचा सगळीकडे दोनचा आकडा. पुराव्यात त्यांनी घड्याळ लावून लिहिलं होतं: प्रश्नानंतर थांबणे, पाच सेकंद, सात, पाच, सहा. वाट पंच्याण्णव सेंटीमीटर. तो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेत आलाय, त्याला अंदाजाने लिहिता येत नाही.

ऑडिटरबाईंनी मला विचारलं, "या तिसरीच्या बाई तुमच्या कोण?"

शिंपीदादा खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना माहीत होतं, सगळ्या शाळेला माहीत होतं.

"बहीण," मी म्हटलं. "सख्खी."

"मग तुम्ही त्या वर्गात बसायलाच नको होतं. जास्त गुण दिले असते तरी."

त्यांनी माझ्या कागदावर तिरकी रेघ मारली आणि सांगितलं की तो वर्ग उद्या त्या स्वतः पाहतील, आणि माझी खोली बघताना मी बाहेर थांबायचं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी खोली त्यांनी पाहिली. दाराला चार सेंटीमीटरचा उंबरठा. चौदा वर्षं मी प्रत्येक खुर्ची त्यावरून उचलून आत घेतली आणि त्याला सेवा म्हणत आले. उंबरठा काढून टाकावा, हे डोक्यात आलंच नाही. मग तिथेच मुलांशी बोलणं झालं. वडिलांसमोर मूल मोकळं बोलत नाही म्हणून शिंपीदादा लांब गेले. मी व्हरांड्यात होते. दार उघडंच होतं.

शाळेत कुठे जायला आवडत नाही, असं बाईंनी भिंगरीला विचारलं.

"मोठ्या बाईंच्या खोलीत," ती म्हणाली. "बाई चांगल्या आहेत. पण मी इकडे आले की तिकडे गोष्ट पुढे जाते. मला कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नाही."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला मुलीसाठी वाईट वाटलं, असं लिहायचा मोह होतोय. आधी वाटलं ते असं: गोष्टही धाकटीचीच.

शेवटच्या दिवशी समितीची बैठक. पहिली शिफारस स्वच्छतागृहाची: दार रुंद करून बाहेर उघडणारं करायचं, आत धरायला आडवा दांडा, कुलूप कायमचं काढायचं. दुसरी उताराची. तिसऱ्या जागेसाठी दोन गोष्टी उरल्या, माझा नवा हॉल किंवा वर्गातच येऊन मदत. इथे ऑडिटरबाईंनी भिंगरीचं उत्तर वाचून दाखवलं आणि सांगितलं की आणखी सहा मुलं तेच बोलली. खोली पाडायची नाही, उंबरठा काढून ती शांत खोली करायची. ज्याला गोंगाट सोसत नाही त्याने घटकाभर जाऊन बसावं. पण रोजचं शिकणं वर्गात.

तेवढ्यात धाकटी उठली. वर्गशिक्षकांचं म्हणणं मांडायला तिला बोलावलं होतं. ती म्हणाली की हे तिनेच सुचवलं होतं खरं, पण मोठ्या बाईंची चौदा वर्षं त्या खोलीत गेलीत, म्हणून यंदा हॉल द्या, वर्गाचं पुढच्या वर्षी बघू. आणि माझ्याकडे बघून हसली. तेच हसू, जे ती लहानपणी स्वतःच्या वाटणीची कैरी मला देताना हसायची, आणि आई म्हणायची, बघ, शीक काहीतरी.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. पेन माझ्या हातात होतं. सगळे थांबले होते.

मी तिसऱ्या जागी लिहिलं: मुलांना वर्गाबाहेर नेणे बंद, विशेष शिक्षिका वर्गात सहशिक्षिका म्हणून बसेल, दोघींनी पाठ आधी मिळून आखावा. मोठ्याने वाचून दाखवलं. कुणीतरी माझ्या मोठ्या मनाबद्दल काहीतरी पुटपुटलं. मन वगैरे काही नाही. पोरगी खरं बोलली होती हे मला कळत होतं, पण त्याने माझा हात हलला नसता. हात हलला तो वेगळ्याच कारणाने. तिने दान केलेल्या खोलीत मला बसायचं नव्हतं.

बाहेर धाकटी म्हणाली, "ताई, मी खरंच म्हणत होते गं."

"माहितेय," मी म्हटलं. "म्हणूनच."

सुट्टी संपली. उतार लांब झाला, शिंपीदादा मुलीला सुलटी घेऊन आले आणि मग तीच पुढे गेली, ते मागे राहिले. मी तिसरीच्या वर्गात मधल्या रांगेशेजारी, मुलांच्या उंचीच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. पाठ आम्ही दोघींनी आखला होता, आखताना दोनदा भांडलो होतो. धाकटीने गोष्ट सुरू केली. अर्ध्यात मला सवयीने वाटलं, आता भिंगरीला घेऊन निघायची वेळ. मी थोडी हलले तर भिंगरीने मागे वळून ओठावर बोट ठेवलं.

गोष्ट संपली. धाकटीने प्रश्न विचारला आणि ती गप्प राहिली. मी मनात मोजायला लागले. पाच व्हायच्या आधी, चारलाच तिने तोंड उघडलं.

भिंगरीचा हात तेव्हा अर्धा वर आला होता. मी वहीत तारीख घातली आणि पुराव्यासकट लिहिलं: चार.