बसचालकाची झोप

संपादकांच्या मेहुण्याने फोटो धाडला आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत एकच धांदल उडाली. फोटोत शाळेच्या बसचा चालक स्टिअरिंगवर मान टाकून गाढ झोपलेला. खाली ओळ: 'आपली मुलं याच्या हवाली!' पहिलं पान सहाला छापायला जाणार होतं, आणि ते छापलं की चालकाची नोकरी गेलीच म्हणून समजा.

"आधी पाठवणाऱ्याला विचारू या," पडताळणी बघणाऱ्या बाई म्हणाल्या. सारखं विचारतात म्हणून कचेरीने त्यांचं नाव चौकशीबाई ठेवलं होतं. संपादकांनी त्यांच्याकडे काणाडोळा करून छायाचित्रतज्ज्ञांना बोलावलं.

तज्ज्ञांनी फोटो इतका मोठा केला की चालकाच्या मिशीचे केस मोजता यावेत. लाल वर्तुळं काढली, सावलीला पट्टी लावली आणि निकाल दिला: सकाळचे आठ दहा, ऐन शाळेची वेळ. तारीख, जागा आणि बसचं तोंड कुठल्या दिशेला, यातलं काहीच ठाऊक नसताना वेळ कशी निघाली, असं बाईंनी विचारलं. तज्ज्ञ चष्मा पुसत बसले.

बाईंनी सरळ मेहुण्याला फोन लावला. स्वतः काढलात का, या पहिल्याच प्रश्नाला गडी उखडला. फोटो एका ग्रुपवरून आला होता आणि नीट दिसावं म्हणून त्यानेच कडा कापल्या होत्या. चार फोन फिरवल्यावर बाई मूळ ठिकाणी पोहोचल्या. पलीकडे चालकाची बायको होती.

"कधी काढलात?"

"मागच्या मे महिन्यात. शाळेला सुट्टी, बस गॅरेजात. मी डबा घेऊन गेले होते."

"आणि कशासाठी?"

वहिनी हसल्या. "'मी दुपारी कधी झोपत नाही' म्हणून हे मिरवतात. नणंदेला पुरावा हवा होता."

फॉरवर्ड होताना फोटोतली तारीख गळून जाते, म्हणून बाईंनी मूळ फाइल मागितली आणि आधीनंतरचे फोटोही. फाइलमध्ये वेळ होती दुपारी दोन चाळीस. पुढच्या फोटोत अख्खी बस दिसत होती, जॅकवर चढवलेली.

बाई खूश झाल्या, पण क्षणभरच. प्रतिक्रिया हवी म्हणून संपादकांनी दुपारीच फोटो शाळेला धाडला होता, आणि मुख्याध्यापकांनी चालकाकडून किल्ली काढून घेतली होती. बाईंना भयंकर संताप आला. त्यांनी शाळेला फोन केला.

"फोटो बनावट आहे का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही, खरा आहे."

"मग झोपलाच होता ना तो?"

"झोपला होता. बसला पुढची चाकं नव्हती."

मुख्याध्यापक म्हणाले, हे तुम्ही दुपारीच विचारायला हवं होतं.

"आणि तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तो तर तुमच्या समोरच उभा होता."