झाकलेला आकडा

काकूंचा फोन आला तेव्हा मी आलेखाच्या रेषांचे रंग बदलत बसले होते. काम उरकत आलं की मी असले उद्योग करते.

"अगं, हे माझा हात सोडत नाहीयेत," काकू म्हणाल्या. "मला स्वयंपाकघरातसुद्धा जाऊ देत नाहीत. म्हणतात, विश्व फाटणार आहे. तुमचंच लफडं आहे हे, तूच येऊन निस्तर."

'हे' म्हणजे सर, काकूंचे यजमान आणि माझे गुरू. फुटणाऱ्या ताऱ्यांवरून विश्वाचं प्रसरण मोजायचं मी त्यांच्याकडेच शिकले. हे तारे फुटताना जवळपास सारख्याच तेजाने उजळतात. त्यामुळे जो मंद दिसतो तो लांबचा. अशी हजारो अंतरं मांडली की प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळतं, आणि तो वाढवणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा स्वभाव एका आकड्यात पकडता येतो. आकडा बरोबर उणे एक आला तर ही ऊर्जा कायम तेवढीच राहते. त्याच्याही खाली गेला तर विश्व पसरेल तशी ती दाट होत जाते आणि शेवटी सगळं फाडून टाकते. सरांनी आयुष्यभर या एका आकड्याचा पिच्छा पुरवला. आता त्यांची स्मृती चालली होती. डॉक्टरांच्या मते वर्षभरात फारसं काही उरणार नव्हतं. तो आकडा त्यांना समजेल अशा वेळी त्यांच्या हातात ठेवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी जगाला तो कधीही कळला तरी मला काही फरक पडत नव्हता.

मी पोचले तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन जमिनीवर पसरलं होतं. सर सोफ्यावर बसले होते आणि काकूंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मांडीवर आमच्या संस्थेच्या व्हरांड्यातला आलेख होता, त्यांनीच कधीतरी भिंतीवरून काढून आणलेला.

"उणे एक पूर्णांक सोळा शतांश," ते शांतपणे म्हणाले. "पाहिलंस? सत्तर अब्ज वर्षं, फार तर."

"सर, तो आकडा..."

"आधी दीर्घिकांचे समूह सुटतील. मग आपली आकाशगंगा. सूर्य तोवर केव्हाच विझलेला असेल. पण त्याच्याभोवती एखादा ग्रह उरलाच असेल, तर शेवटाच्या आधी सात-आठ महिने त्याचाही हात सुटेल." ते डोळे मिटून बोलत होते, गाव सोडताना वाटेतली घरं मोजावीत तसे. "शेवटच्या तासाभरात पृथ्वीसारखे ग्रह. आणि अगदी शेवटच्या क्षणाच्याही कणाएवढ्या वेळात अणू. म्हणून म्हणतो हिला, लांब जाऊ नकोस."

"मी कुठे जातेय? कुकर लावायला जातेय," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

मी सरांच्या पायाशी बसले. "सर, हा आकडा खरा नाही. हा झाकलेला आहे. कोपऱ्यात लिहिलंय बघा, बारीक अक्षरात. खऱ्या उत्तरात संगणक एक गुप्त आकडा मिसळतो आणि मगच आम्हाला दाखवतो. सगळ्या तपासण्या संपेपर्यंत खरं उत्तर कुणीच बघायचं नाही."

"हा आचरटपणा कुणाचा?"

"तुमचा. हा नियम तुम्हीच घालून दिलात."

मला गलबलून आलं. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना या फसव्या आकड्याशी खेळायला शिकवलं, तोच त्याला फसला होता.

"मग खरा सांग."

"मला माहीत नाही."

"उघड ना. चावी कुणाकडे असते?"

चावी माझ्याकडेच होती. घरी जाऊन एक आज्ञा टाइप केली असती की काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी मनातल्या मनात ती टाइप करूनही टाकली होती.

"उघडला आणि उणे एक निघाला तर?" काकूंनी विचारलं. "तर काय होतं?"

"तर काही फाटत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "पसरत मात्र राहतं. लांबच्या दीर्घिका एकेक करून नजरेआड होतात. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही. पण जे आधीच एकमेकांना धरून आहेत, ते धरूनच राहतात. आपण आणि शेजारची देवयानी दीर्घिका, एकत्रच. मग तारे विझतात. कृष्णविवरंही झिजून संपतात. शेवटी सगळीकडे सारखीच थंडी. याला औष्णिक मृत्यू म्हणतात. नाव औष्णिक, आणि मरायचं गारठून!"

"मग तोच बरा," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत सोबत तरी आहे."

सर हसले. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांची नजर एकदम जुनी, धारदार झाली. "ऐकलंस? हिला काय हवंय ते हिने सांगून टाकलं. तुलाही तेच हवंय. म्हणून तुला बघता येणार नाही. हवं ते उत्तर दिसलं की माणूस चुका शोधायचं थांबवतो. तू थांबली नाहीस ना कुठे?"

मी "नाही" म्हणाले. पण रस्त्याने चालताना तो प्रश्न माझ्या पाठीशीच लागला. ऊन कलत होतं, दुकानांच्या काचांत ढग तरंगत होते, आणि मला आमच्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातल्या लाल फिल्टरची आठवण झाली. कडेच्या भागात तो प्रकाश थोडा वेगळा गाळतो अशी शंका कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्राने महिनाभरापूर्वी काढली होती. मी ती धुडकावून लावली होती. उत्तर झाकलेलं होतं, तेव्हा उत्तराच्या मोहाने नव्हे. मला सरांसाठी घाई होती. मोह असा मागच्या दाराने आत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी आकडा उघडायचा कार्यक्रम पुढे ढकलला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मित्र तेवढा म्हणाला, "चला, उशिरा का होईना, मॅडमना ऐकू आलं."

शंका खरी निघाली. लांबचे तारे एका शतांशाने अधिक मंद मोजले गेले होते. एवढ्याशा फरकाने आमचा आकडा सरकत होता. सगळं पुन्हा मोजायला हिवाळा गेला. दर आठवड्याला काकूंचा फोन यायचा, आणि दर आठवड्याला सरांचा एखादा शब्द कमी झालेला असायचा. आधी "दीर्घिका" गेला. मग माझं नाव. मी फोन ठेवून रडायचे आणि परत फिल्टरकडे वळायचे.

शेवटी आम्ही आकडा उघडला. उणे नव्व्याण्णव शतांश, दोन्ही बाजूंना तीन शतांशांची चूकमर्यादा. म्हणजे उणे एकाशी जुळणारा. फाटण्याची भीती पुरती गेली नव्हती, पण ती बाळगायला कारणही उरलं नव्हतं. खोलीत टाळ्या वाजल्या. मी तशीच उठून सरांकडे गेले.

ते खिडकीशी बसले होते. काकूंचा हात त्यांच्या हातात नव्हता. आता त्यांना कसली भीती वाटत नसे, असं काकू म्हणाल्या.

"सर, आकडा आला. उणे एक. काही फाटत नाही."

त्यांनी मान हलवली, शेजारच्या पोरीचं कौतुक ऐकावं तशी. काहीच पोचलं नव्हतं. मी उशीर केला होता, आणि आता त्याला इलाज नव्हता. मी उठायला लागले.

तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ ते शब्द शोधत होते.

"आधी... बघितलं नव्हतंस ना?"

"नाही, सर."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि माझं मनगट सोडून दिलं.