लिफ्टचं एकच वाक्य

माझी भाषा आटोपशीर आहे असं ऑफिसात सगळे म्हणतात. मीही म्हणतो, जरा जास्तच म्हणतो. म्हणूनच डायरेक्टर मॅडमसाठी स्लाइड्सची ऑडिओ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मॅडम स्वतः गाडी चालवत येतात, पाऊण तास. आल्या की थेट मीटिंग. तिथे स्लाइड लावत नाहीत. ज्याने त्याने आधी बघून यायचं आणि मॅडमनी ऐकून.

त्या आठवड्यात पाळी होती आमच्या हॉस्पिटलच्या लांबच्या शाखेतल्या केंद्राची. अर्धांगवायूत वाचा गेलेल्यांना तिथे पुन्हा बोलायला शिकवतात. केंद्र ठेवायचं की बंद करायचं, ते मॅडम ठरवणार होत्या. बावीस स्लाइड्स तिथल्या थेरपिस्टताईंनी केलेल्या. त्या मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या.

"काका, चौदावी स्लाइड तेवढी जपून करा."

चौदावीवर पेशंटचा आलेख होता. आठवड्याला साठ होते, ते तीसवर आले. खाली लाल चौकटीत लिहिलं होतं: केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चार महिने बंद, तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली, पेशंट पुन्हा पंचेचाळीस.

"बघणाऱ्याला रेघ आणि चौकट एकदम दिसते," ताई म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला एकामागून एक, आणि त्याला मागचं पान उलटता येत नाही. आकडा जितक्यांदा सांगाल तितक्यांदा लिफ्ट सांगा. आकड्याच्या आधीच सांगितलीत तर उत्तम."

"मॅडम काय तुमच्या पेशंट आहेत?"

त्या हसल्या. "गाडी चालवणारं माणूस अर्धंच ऐकतं हो."

मला राग आला. वीस वर्षं मसुदे लिहितोय, आणि ही कालची पोर मला शिकवतेय.

काम मात्र मी मन लावून केलं. 'इथे दिसतंय त्याप्रमाणे' वगैरे सगळं काढलं. आलेखाचं वाक्य केलं. सुरुवातीलाच सांगितलं, तीन भाग आहेत, सोळा मिनिटं लागतील. प्रत्येक भागाच्या तोंडाशी 'आता दुसरा भाग, पेशंटची संख्या', मग क्षणभर थांबणं, आणि शेवटी 'या भागातला मुख्य मुद्दा' म्हणून उजळणी. उजळणीत मी लिहिलं: पेशंट निम्म्यावर आले. सगळ्यात शेवटीही तेच. लिफ्टचं वाक्य मधे एकदाच आलं. पुन्हा घालायला गेलो तर पाल्हाळ वाटलं, खोडून टाकलं.

घरी बायकोला ऐकवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय कळलं?" मी विचारलं.

"पेशंट निम्मे झाले."

"आणि?"

"आणि तुझा आवाज छान आलाय."

तेवढ्यावरच मी खूश.

मीटिंगमध्ये मी टिपणं घ्यायला बसलो होतो. मॅडम पर्स ठेवता ठेवताच म्हणाल्या, "लोकच येत नसतील तर केंद्र चालवायचं कुणासाठी? निम्मे गेले." हिशेबवाल्या साहेबांनी मान हलवली. त्यांनी स्लाइड्स उघडल्याही नसाव्यात.

तेव्हा मला बोलायचं होतं. 'मॅडम, लिफ्ट बंद होती, पेशंट परत येतायत' एवढंच. पण मग त्या विचारणार, ऑडिओत का नाही? होतं, पण एकदाच होतं, हे सगळ्यांदेखत कोण सांगणार? मी खाली मान घालून लिहिलं: केंद्र महिनाअखेर बंद. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, त्याची मला आजही लाज वाटते.

ताईंची बदली इकडे मुख्य इमारतीत झाली. दोन बस, दीड तास. पेशंटनाही इकडेच यायला सांगितलं. पंचेचाळीसातले नऊ आले.

पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, ती ऑडिओ मला पाठवाल? मॅडमनी काय ऐकलं ते कळू दे. वाटेत वेळच वेळ असतो आता."

नाही कसं म्हणणार? पाठवली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पिशवी खांद्यालाच होती.

"छान केलंय तुम्ही. कुठला भाग चाललाय ते बरोबर कळतं. निम्मे झाले, हे तीनदा आहे." मग म्हणाल्या, "लिफ्टचं घातलंच नाहीत ना?"

"घातलंय, ताई. नवव्या मिनिटाला."

त्यांनी मनाशी हिशेब केला.

"तेव्हा मी बस बदलत होते," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीकडे गेल्या. बाहेर बाकावर त्यांचा एक पेशंट बायकोचा हात धरून बसला होता.