आढ्याचे चाळीस रुपये

तांड्याची यादी बरोबर एक हजाराची भरली, तेव्हाच ग्रामसेवक नानाजीला संशय आला. शाळेच्या खोलीचा अंदाज दोन हजारांचा होता. निम्मे सरकार देणार, निम्मे लोकांनी रोख, वस्तू किंवा श्रमदानाने घालायचे. लोकांचा वाटा पैपर्यंत जुळून येतो, असं नानाजीने आजवर कुठे पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाच-दहा पानं इकडची तिकडे होतातच.

यादी केली होती दोघांनी. एक तांड्याचा नायक हिरासिंग. आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडले, हा मात्र कापूस-ज्वारी पिकवून एका जागी बसला होता. तांड्यात शाळा व्हावी याचा त्याला ध्यास होता, कारण पोरांना ओढा ओलांडून गावात जावं लागे आणि पावसाळ्यात ती जातच नसत. दुसरे गावचे सरपंच भगवानराव. त्यांना शाळेपेक्षा शाळेवरच्या आपल्या नावाच्या पाटीचा ध्यास जास्त होता.

ही १९५८ सालची गोष्ट. मार्चअखेर आली होती. तोवर मंजुरी मिळाली नाही, तर त्या सालचा पैसा दुसऱ्या गावाला जाणार होता.

नायकाच्या अंगणात बाज टाकून तिघे बसले. नानाजी वाचायला लागला. वय कमी, आवाज त्याहून कमी, पण माणूस हट्टी.

"दगड धरलेत जाग्यावर पोचलेल्या भावाने. आणि खाली पुन्हा बैलगाड्यांचं भाडं. पोचलेल्या भावात गाडीभाडं आलंच की. एकच गोष्ट दोनदा लागली."

"गाड्या तं आमच्याच होत्या ना," हिरासिंग म्हणाला.

"होत्या. म्हणून एकदा लावू."

पुढे श्रमदान. भूमिपूजनाला आलेल्या ऐंशी जणांची मजुरी धरली होती. नानाजी त्या दिवशी हजर होता. पायाच्या खोदकामाला हात लावला होता निम्म्यांनी. बाकीच्यांनी डफ वाजवला, लेंगीची गाणी म्हटली आणि गूळ खाल्ला. काहींना तर आयांनी कडेवर आणलं होतं.

"खोदलं त्यांचीच मजुरी लावायची. तीही इथे शेतात मिळते तीच," नानाजी म्हणाला. "आणि भगवानराव, ही तुमची देखरेख? साठ रुपये?"

"म्या लक्ष ठेवलं न बा," भगवानराव म्हणाले. "बाजेवर बसून ठेवलं म्हनून काय ते लक्ष नाई?"

नानाजीने ती ओळ खोडली. भगवानराव पानाचा डबा उघडून पान लावत बसले.

शेवटी आलं आढं. छपराचा मधला लांब दांडा, सागाचा. हिरासिंगच्या बापाने हिंडणं सोडून पहिलं घर बांधलं, त्या घराचं ते. घर उतरवलं तेव्हा नायकाने आढं गोठ्यात जपून ठेवलं होतं आणि आता शाळेला दिलं होतं. यादीत एकशे वीस रुपये.

"हा नव्या लाकडाचा भाव," नानाजी म्हणाला. "आढ्याला जुन्या खाचा आहेत. एक टोक वाळवीने खाल्लंय. दारव्ह्याला लाकडाच्या अड्ड्यावर विचारून आलो. चाळीस येतील."

हिरासिंग उठून उभा राहिला.

"माह्या बापाच्या आढ्याचे चाळीस? तुले समजते का तू काय बोलून राह्यला?"

"नायक, मी बापाची किंमत नाही लावत."

"मंग कोनाची लावून राह्यला? नाई द्यायचं आढं. ने तुही यादी!"

संध्याकाळी आढं पुन्हा गोठ्यात गेलं. हिरासिंगच्या मनाला खरोखर लागलं होतं. त्याची बायको मानीबाई नानाजीला पाणी द्यायला आली आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी खोटं नाई बोलले. पन गोड बी नाई बोलले."

दुसऱ्या दिवशी नानाजी सायकल घेऊन परत आला. नायकाला म्हणाला, "यादी राहू द्या. माझ्याबरोबर एका ठिकाणी चला."

हिरासिंगने बैल आणून दमणी जुंपली. नेरच्या रस्त्याला एक वाडी होती. वाडीच्या कडेला चार भिंती उभ्या होत्या, खिडक्यांच्या जागी भोकं, वर आभाळ. आत शेळ्या बसल्या होत्या. भिंतीवर लोकांच्या देणगीची मोठी पाटी होती.

"लोकांनी निम्मं दिलं असं लिहिलं होतं," नानाजी म्हणाला. "प्रत्यक्षात निम्म्याचंही निम्मं होतं. काम मोठं धरलं. ओव्हरसियर येऊन झालेलं काम मोजतो, सरकार त्याच्या निम्मे देतं. कागदावरच्या गाडीभाड्याने छपराची टिनं येत नाहीत. टिनं शेवटी लागतात, आणि पैसा त्याच्या आधी संपतो."

हिरासिंगने भिंतीवरून हात फिरवला. माती हाताला लागली. एक पावसाळा आणखी, मग भिंतीही जाणार होत्या. पलीकडच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. त्याने यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तो कोन हाये?"

"पाटीवर पहिलं नाव त्याचं."

परतताना ओढ्याजवळ हिरासिंगने बैल थांबवले. "आमचं खरं किती भरते?"

"आढं धरून सहाशे सत्तर."

"मंग?"

"तेवढंच सरकारचं. तेराशे चाळीस. त्यात खोली होते, छपरासकट. ओसरी होत नाही."

हिरासिंगला हे सर्वांत जड गेलं. ओसरी त्याने बायकांना कबूल केली होती. पोरं शिकतील आणि आया सावलीला बसून ऐकतील, असं तांड्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. त्याने कासरा पुन्हा उचलला.

"आढं चाळीसचंच लिव," तो म्हणाला. "अन् ओसरी काढ. मानीले मी सांगतो."

अंदाज नव्याने झाला, खोली लहान झाली. एकतीस मार्चच्या आत मंजुरी आली. भगवानरावांनी पाटीची चौकशी केली. पाटीचा खर्च अंदाजात नाही, असं नानाजीने त्यांना नम्रपणे सांगितलं.

पावसाच्या आधी टिनं चढली. आढं लांब होतं, म्हणून वाळवीचं टोक कापून टाकलं आणि उरलेलं नेमकं बसलं. मोजायला आलेल्या ओव्हरसियरने यादी हातात घेऊन खाली दगड, वर छप्पर पाहिलं. जे लिहिलं होतं ते सगळं तिथे होतं. असं काम पाहायची त्याला सवय नसावी, कारण त्याने दोनदा मोजलं.

आढ्याखाली उभा राहून तो म्हणाला, "हे चाळीस रुपयांचं? लाकूड तर बरं दिसतंय."

नानाजी काही बोलणार, तोच हिरासिंग पुढे झाला.

"चाळीसचंच हाये, सायेब. बजारात तेवढेच येतात." मग वर पाहत म्हणाला, "बाकीचं लिवाचं नाई. ते आमी असंच देल्लं."

शाळा भरायला लागली. दाराबाहेर, जिथे ओसरी यायची होती, तिथे उघड्यावर मानीबाई आणि दोघी-चौघी बाया येऊन बसत. ऊन चढलं की हिरासिंग घरून घोंगडं आणी आणि काठ्यांवर त्यांच्या डोक्यावर ताणून देई. ते त्याने कोणत्याही यादीत लावलं नाही.